काटा नवा, दाखला जर्मनीचा

पुण्यातल्या एखाद्या औषध-तपासणी प्रयोगशाळेत जर्मनीत बनलेला नवा काटा येतो. 220 ग्रॅमपर्यंत तोलणारा आणि मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. सोबत कारखान्यात तपासणी झाल्याचा सही-शिक्क्याचा दाखलाही असतो. अशा वेळी हिशेब पाहणाऱ्याचा प्रश्न रास्तच असतो: कोऱ्या यंत्रावर लगेच कॅलिब्रेशनचा खर्च कशाला?

दाखला खरा असेल, तर काटा पुण्यात चुकेल कसा?

दाखल्यात खोट नसतानाही तो चुकू शकतो. जुना दोन पारड्यांचा तराजू एका वस्तुमानाची दुसऱ्याशी तुलना करतो, म्हणून तो कुठेही नेला तरी फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र पारड्यावर खाली किती जोर पडतो ते मोजतो आणि त्याचे ग्रॅम करून दाखवतो. हा जोर पृथ्वीच्या ओढीवर अवलंबून असतो, आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. ध्रुवांकडे ती वाढते, विषुववृत्ताकडे आणि उंचावर कमी होते. मध्य जर्मनीत गुरुत्वत्वरण सुमारे 9.81 असतं, पुणं विषुववृत्ताला बरंच जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे ते 9.78 च्या आसपास भरतं.

फरक किरकोळ वाटतो, पण तो जवळपास 0.28 टक्के होतो. तिकडे जुळवलेल्या काट्यावर इथे 100 ग्रॅमचं प्रमाण वजन ठेवलं, तर पडद्यावर 99.72 ग्रॅमच्या आसपास आकडा दिसेल. दहाव्या मिलिग्रॅमची ऐट मिरवणारं यंत्र तब्बल 280 मिलिग्रॅमनी कमी दाखवतं! परदेशाचंही सोडा. मुंबईत जुळवलेला काटा घाट चढून पुण्यात आणला, तरी 100 ग्रॅममागे वीसेक मिलिग्रॅमचा फरक पडतो.

म्हणजे ‘CAL’ बटण दाबलं की झालं?

अर्धं काम झालं. चांगल्या काट्याच्या पोटात स्वतःचं एक वजन असतं. बटण दाबलं की छोटी मोटर ते वजन उचलून ठेवते आणि काटा आपलं गणित इथल्या ओढीशी जुळवून घेतो. गुरुत्वाचा फरक त्यातून निघून जातो.

पण ही झाली जुळवणी. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला हात न लावता, ज्याची किंमत आधीच पक्की ठाऊक आहे अशा वजनाशी त्याचं वाचन ताडून पाहणं आणि किती चूक निघाली, त्या आकड्याची खात्री किती, हे लिहून ठेवणं. जुळवणीनंतर काटा बरोबर झाला का, याचं उत्तर पोटातलं तेच वजन देऊ शकत नाही. प्रवासात त्या यंत्रणेलाच धक्का बसला असेल तर? म्हणून आधी जुळवणी आणि मग बाहेरच्या वजनांनी तपासणी, हाच क्रम.

मग तो दाखला फुकटच म्हणायचा?

नाही, पण तो वाचायला हवा, आणि नेमकं हेच फारसं कुणी करत नाही. काही दाखल्यांवर यंत्र कंपनीच्या निकषांत बसतं एवढंच लिहिलेलं असतं, मोजमापाचा एकही आकडा नसतो. कॅलिब्रेशनचा खरा दाखला म्हटला की त्यात प्रत्येक वजनाला काटा किती चुकला, त्या मोजणीची अनिश्चितता किती, वापरलेली वजनं कोणत्या राष्ट्रीय मानकाशी जोडलेली होती आणि तपासणी कुठे झाली, हे सगळं येतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असा दाखला परदेशी असला तरी परस्पर मान्यतेच्या करारांमुळे भारतात ग्राह्य धरता येतो. काट्याच्या बाबतीत अडचण वेगळीच असते: त्यावर लिहिलेली जागा म्हणजे कारखाना. ती मोजणी तिथल्या टेबलावरची, तिथल्या हवेतली.

पहिल्या वापराआधी जागेवर काय करायचं?

काटा दगडी ओट्यावर ठेवायचा, बुडबुडा मधोमध आणायचा आणि माहितीपुस्तकात सांगितलं असेल तितके तास वीज चालू ठेवून त्याला स्थिर होऊ द्यायचं. मग जुळवणी. त्यानंतर लहान ते मोठी वजनं ठेवून वाचन पाहायचं, आणि एकच वजन पारड्याच्या मध्यावर व कडांना ठेवून आकडा हलतो का ते बघायचं. वजनंही तोलामोलाची हवीत. E2 वर्गाच्या 100 ग्रॅमच्या वजनाला फक्त 0.16 मिलिग्रॅमची सूट असते. त्याहून ढिल्या वजनाने असा काटा तपासला, तर चूक काट्याची की वजनाची हेच कळणार नाही.

सर्वांत बोलकी चाचणी मात्र एकच वजन दहा वेळा उचलून ठेवण्याची. समजा, कारखान्याच्या शांत खोलीत या दहा वाचनांचं प्रमाण विचलन 0.08 मिलिग्रॅम आलं होतं. इथे काट्यावर एसीचा झोत येतो आणि शेजारच्या खोलीत पंप धडधडतो, म्हणून तेच 0.12 झालं. अमेरिकन औषधसंहितेच्या नियमानुसार या आकड्याची 2000 पट म्हणजे त्या काट्यावर तोलता येईल असं सर्वांत कमी वजन. कारखान्यात ते 160 मिलिग्रॅम होतं, इथे 240 झालं. तपासनीसाला 200 मिलिग्रॅमचा नमुना तोलायचा असेल, तर दाखल्याप्रमाणे चालेल आणि प्रत्यक्षात चालणार नाही. यावर नवा काटा मागवायची गरज नसते. बहुधा एसीची दिशा बदलली किंवा ओटा हलवला की भागतं.

भोसरीच्या वर्कशॉपमधल्या नव्या मायक्रोमीटरलाही हाच नियम?

इथे उत्तर सौम्य आहे. मायक्रोमीटरला गुरुत्वाचं सोयरसुतक नसतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, आकड्यांसकट दाखला असेल, तर पुन्हा बाहेर पाठवण्यात पैसे घालवायचं कारण नाही. शून्य पाहावं आणि दोन-चार स्लिप गेजवर वाचन ताडावं. गेज फक्त 5, 10, 15 असे सरळ आकड्यांचे घेऊ नयेत. त्यांवर थिंबल दर वेळी त्याच कोनात येऊन थांबतं आणि स्क्रूच्या एका फेऱ्यातली चूक लपून राहते. म्हणून 5.1, 10.3 असे आडनिडे गेज वापरतात. दाखल्याच्या आकड्यांशी हे जुळलं, की मायक्रोमीटर कामाला घ्यावा. प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 17025, हेच मागतं: यंत्र सेवेत घेण्यापूर्वी ते आपल्या गरजेत बसतं याची खात्री. ती कशी करायची हे कामावर सोडलेलं आहे.

आणि दुकानातला काटा?

तिथे कायदा वेगळा. विक्रीसाठी वापरायच्या काट्याला वैधमापन विभागाची पडताळणी आणि मुद्रा लागते. कॅलिब्रेशनचा दाखला कितीही भारी असला, तरी तो तिची जागा घेत नाही.

पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख दाखल्यावर का नसते?

ती तिथे नसावी असाच संकेत आहे. आयएसओ 17025 प्रमाणे, ग्राहकाशी तसं ठरलेलं नसेल, तर प्रयोगशाळेने पुढच्या तारखेची शिफारस दाखल्यावर छापायची नाही. यंत्र रोज राबणार की कपाटात राहणार, हे तिला ठाऊक नसतं. वर्षभर गोदामात पडलेल्या यंत्राची मुदत दाखल्याच्या तारखेपासून मोजायची की वापराच्या पहिल्या दिवसापासून, हेही वापरणाऱ्यानेच ठरवायचं असतं. पहिल्या दिवशी जागेवर घेतलेले आकडे वहीत असतील तर मुदत तिथून धरता येते, कारण पुढच्या वर्षी काटा किती सरकला हे त्यांच्याशीच ताडून पाहायचं असतं.