मेलेलं पिल्लू आई का सोडत नाही?

हौदातलं पाणी नाकाशी आलं तेव्हा माकडिणीने पिल्लाला पायाखाली घेतलं, ही बिरबलाची गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो. माकडांच्या कळपांमागे वर्षानुवर्षं हिंडणाऱ्या अभ्यासकांनी मात्र वेगळंच पाहिलं आहे.

जपानमधल्या ताकासाकियामा डोंगरावर २४ वर्षांच्या नोंदींत आईने मेलेलं पिल्लू बरोबर वागवल्याच्या दीडशेहून अधिक घटना सापडतात. बहुतेक आयांनी ते आठवड्याच्या आत सोडलं. सर्वांत जास्त काळ वागवलं गेलं ते १७ दिवस.

हे काम सोपं नाही. जिवंत पिल्लू आईच्या पोटाचे केस मुठीत घट्ट धरतं, त्यामुळे तिचे हातपाय मोकळे राहतात. मेलेल्या पिल्लाची मूठ सुटलेली असते. मग आई ते एका हाताने छातीशी धरून उरलेल्या तीन पायांवर चालते, कधी तोंडात धरते, कधी ओढत नेते. खायला बसताना बाजूला ठेवते आणि निघताना पुन्हा उचलते.

मग ते मेलंय हे तिला कळतच नाही का? ही धरण्याची पद्धतच विचार करायला लावते. जिवंत पिल्लाला माकडीण सहसा असं ओढत किंवा तोंडात धरून नेत नाही. म्हणजे निदान काहीतरी बदललंय, एवढं तरी तिला उमगत असावं.

थंड, कोरड्या हवेत शरीर लवकर कुजत नाही म्हणून आया ते जवळ ठेवतात, असंही एक मत होतं. इथिओपियाच्या थंड पठारावर एका गेलाडा माकडिणीने सुकलेलं पिल्लू ४८ दिवस सोडलं नव्हतं. पण पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या उष्ण प्रदेशात एका चिंपांझी आईने ६८ दिवस वागवलं. २०२१ मध्ये माकडं, वानरं आणि त्यांच्या भाऊबंदांच्या चारशेहून अधिक घटना एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा हवामानाचा प्रभाव दिसला नाही. फरक पडत होता तो पिल्लाच्या वयाने: पिल्लू जितकं तान्हं, तितका जास्त काळ आई ते वागवते. अपघातात किंवा हल्ल्यात मेलेलं पिल्लू त्या मानाने कमी वेळा उचललं जातं.

वयाचा हा धागा मायेकडे नेतो. तान्हं पिल्लू पूर्णपणे आईवर अवलंबून असतं, आणि बाळंतपणानंतर तिचं शरीर त्याला जपायला सज्ज झालेलं असतं. पिल्लाचा श्वास थांबला म्हणून ही ओढ त्याच क्षणी थांबत नाही. शिवाय निपचित पडलेलं प्रत्येक पिल्लू मेलेलंच असतं असं नाही. घाईने टाकलं आणि ते जिवंत निघालं, तर सगळंच गेलं. त्यापेक्षा चार दिवसांचं ओझं परवडतं.

याला मानवी अर्थाने शोक म्हणावं का, हे ठरवणं कठीण आहे. पण पिल्लाशी जडलेलं नातं त्याच्या मृत्यूबरोबर तुटत नाही, ते हळूहळू सैल होतं, एवढं या नोंदींतून स्पष्ट दिसतं.