विहीर पुनर्भरण : ग्रामसभेतील आवाहनाच्या पुढचा हिशेब

मे महिन्यातील ग्रामसभेत पाणी समितीचे अध्यक्ष उभे राहतात आणि "यंदा प्रत्येकाने आपल्या विहिरीला पुनर्भरणाचा खड्डा घ्यावा" असे आवाहन करतात. सगळे माना डोलावतात. जून उजाडतो तेव्हा मात्र खड्डे दोन-चार जणांचेच झालेले असतात. पुरंदर, बारामती, इंदापूर अशा पुणे जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात काम करणाऱ्या कृषी सहायकांना हा अनुभव नवा नाही.

याचे कारण शेतकऱ्यांची अनास्था हे नसते. भाषण ऐकताना शेतकऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे भाषणात नसतात. एका खड्ड्याने पाणी किती वाढेल? गढूळ पाण्याने विहीर खराब होणार नाही ना? आणि मी मुरवलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये गेले तर? ही उत्तरे अध्यक्षांकडे तयार हवीत.

पाणी किती मिळेल?

एक एकर, म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर उताराचे शेत धरू. या शेतावर २५ मि.मी. पाऊस जोरात झाला, तर पडलेले पाणी १ लाख लिटर होते. त्यातील बरेचसे जमिनीत मुरते. पाचवा हिस्सा वाहून जातो असे धरले, तर बांधाच्या खालच्या कोपऱ्यात २० हजार लिटर पाणी येते. हंगामात असे दहा पाऊस झाले तर २ लाख लिटर पाणी मिळते. जमिनीचा उतार, पोत आणि पावसाचा जोर यांनुसार हा आकडा बदलतो, पण अंदाजासाठी तो पुरेसा आहे.

आता हे २ लाख लिटर पिकाच्या भाषेत मोजू. एका एकरावर ५ सें.मी. उंचीची पाण्याची पाळी द्यायला बरोबर २ लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकरावरून वाहणारे पाणी सगळे विहिरीत उतरले, तर रब्बीत एका एकराची एक पाळी निघते. त्यावर ऊस होणार नाही. पण हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुरुवातीला किंवा ज्वारीला पोटरीत असताना मिळालेली ती एक पाळी पीक पदरात पाडून जाते. विहिरीकडे येणारी ओघळ चार-पाच एकरांचे पाणी आणत असेल, तर त्या प्रमाणात जास्त पाणी मिळेल. मात्र जोराच्या पावसात ते सगळे खड्ड्यातून उतरत नाही. त्यातले काही सांडव्यावरून जाणारच.

एक अट मात्र आहे. ज्या विहिरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपोआप काठोकाठ भरतात, तिथे खड्डा घेऊन उपयोग नाही, कारण खालच्या खडकात जागाच शिल्लक नसते. कालव्याखालच्या पाणथळ किंवा चोपण जमिनीतही पुनर्भरण करू नये. पावसाळा संपतानाही ज्या विहिरीचे पाणी बरेच खाली असते, त्याच विहिरीला खड्डा घ्यावा. अध्यक्षांनी 'प्रत्येकाने' म्हणण्याऐवजी अशा विहिरींची यादी वाचून दाखवावी.

गढूळ पाण्याचा धोका

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चुकीचे पुनर्भरण विहिरीचे नुकसान करते. शेतातून येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ५ ग्रॅम गाळ धरला, तरी २ लाख लिटर पाण्याबरोबर १ टन गाळ येतो. हे पाणी पाइपने थेट विहिरीत सोडले, तर गाळ तळाशी बसतो आणि ज्या भेगांतून विहिरीला झरे येतात त्या बुजतात. गाळ उपसता येतो, पण खडकाच्या आत शिरलेली चिकणमाती काढता येत नाही.

म्हणून महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी यांच्या शिफारशीत पाणी दोन टप्प्यांत गाळून घेतात. ओघळीचे पाणी आधी १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल अशा पहिल्या खड्ड्यात येते. तिथे पाण्याचा वेग कमी होतो आणि जाड गाळ, काडीकचरा खाली बसतो. वरचे पाणी पुढच्या २ × २ × २ मीटरच्या मुख्य खड्ड्यात जाते. हा खड्डा विहिरीपासून किमान २ ते ३ मीटर दूर हवा. अगदी कडेला खोदला तर विहिरीचा काठ ढासळू शकतो.

मुख्य खड्ड्याच्या तळातून विहिरीत ४ इंची पीव्हीसी पाइप काढावा. खड्ड्यातील टोकाला छिद्रे पाडून जाळी गुंडाळावी. त्यावर खालून वर मोठे दगड, मग खडी, मग जाड धुतलेली वाळू असे प्रत्येकी ३० सें.मी.चे थर द्यावेत. एका थराला सव्वा घनमीटरच्या आत, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षाही कमी साहित्य लागते. वरची मोकळी जागा पाणी साठण्यासाठी ठेवावी. जमीन भुसभुशीत असेल तर खड्ड्याच्या बाजू दगडांनी बांधून घ्याव्यात. विहिरीतील पाइपचे टोक भिंतीपासून फूटभर पुढे असावे, नाहीतर पडणारे पाणी भिंत पोखरते. जास्तीचे पाणी ओघळीत परत जाईल असा सांडवा पहिल्या खड्ड्यालाच ठेवावा.

काळ्या जमिनीत एवढेही पुरत नाही. बारीक चिकणमाती पाण्यात तासन्‌तास तरंगते. ती पहिल्या खड्ड्यात बसत नाही आणि वाळूचा वरचा थर बुजवते. त्यामुळे पाणी खड्ड्यात येण्याआधी ते गवत राखलेल्या पट्ट्यातून आणावे आणि शेतातील बांधबंदिस्ती नीट ठेवावी. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस खड्ड्याकडे वळवूच नयेत. त्या पाण्यात शेतातील सैल माती आणि घाण सर्वाधिक असते.

गाळणी माती अडवते, पण पाण्यात विरघळलेले खत किंवा औषध अडवत नाही. गोठा, उकिरडा, गावची गटारे किंवा नुकतीच फवारणी झालेले शेत यांतून येणारे पाणी खड्ड्यात घेऊ नये. पिण्याच्या विहिरीला शेतातील पाणी अजिबात जोडू नये.

खड्डा चालतो की नाही, हे कसे ओळखावे?

पाऊस सुरू असताना किंवा थांबताच विहिरीतील पाइपच्या तोंडाशी दोरीने १५ लिटरची बादली धरावी. ती १० सेकंदांत भरली तर तासाला ५,४०० लिटर पाणी उतरते आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातील २० हजार लिटर उतरायला चार तासांच्या आसपास लागतील. खड्डा भरलेला असूनही बादली भरायला दुप्पट-तिप्पट वेळ लागू लागला, तर वाळूचा वरचा थर बुजला असे समजावे. वरची चार बोटे वाळू खरवडून, धुऊन पुन्हा टाकली की बहुधा काम होते. याउलट पाणी वेगाने उतरते आहे पण पाइपमधून गढूळ येते आहे, तर थरात कुठेतरी पोकळी पडली आहे. अशा वेळी खड्ड्याकडे येणारे पाणी ताबडतोब बंद करून थर पुन्हा भरावेत. दरवर्षी मृगाआधी पहिल्या खड्ड्यातील गाळ काढावा आणि वाळू धुवावी.

मुरवलेले पाणी शेजाऱ्याकडे गेले तर?

या प्रश्नाचे खरे उत्तर 'जाईल' असेच आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि भेगांमध्ये, आणि तिथून ते उताराने खालच्या विहिरींकडे सरकते. असा खडक आपल्या आकारमानाच्या एक ते तीन टक्केच पाणी विहिरीला देतो. दोन टक्के धरले, तर १ हेक्टर क्षेत्राखालील पाणीपातळी १ मीटर वर यायला २ लाख लिटर लागतात. म्हणजे आपल्या एकराचे हंगामभराचे पाणी अडीच एकरांखाली पसरले की पातळी जेमतेम मीटरभर चढते.

म्हणूनच एकट्या-दुकट्याचा खड्डा फारसा जाणवत नाही. एकाच ओढ्यावरील वीस विहिरींनी वरून खाली क्रमाने खड्डे घेतले, तर माझे पाणी शेजाऱ्याकडे जाते तसे वरच्याचे माझ्याकडे येते. हे एकट्या शेतकऱ्याच्या हातातले काम नाही. समितीची गरज नेमकी इथे आहे. पण त्याच ओढ्यावर कोणी खोल बोअर मारून दिवसरात्र उपसा केला, तर वीस जणांची मेहनत वाया जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ही गोष्ट वेळीच ओळखली. जेमतेम ४०० मि.मी.च्या आसपास पावसाच्या या गावात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे झाली. त्याबरोबरच शेतीसाठी बोअर न घेण्याचे आणि उसासारखी जास्त पाण्याची पिके टाळण्याचे बंधन गावाने स्वतःवर घालून घेतले. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि उपलब्ध पाणी यांचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि पिके त्यावरून ठरतात. मुरवणे आणि उपसा, दोन्हींचा हिशेब एकाच सभेत होतो.

अध्यक्षांसाठी भाषणाचा नमुना

आकडे आपल्या गावचे घालून असे बोलता येईल :

"मंडळी, मी आज सगळ्यांना खड्डे घ्या म्हणत नाही. वरच्या ओढ्यावरच्या ज्या वीस विहिरी दिवाळीनंतर तळ गाठतात, त्यांची यादी ही माझ्या हातात आहे. एका खड्ड्याने तुमची विहीर भरणार नाही, हे मी आधीच सांगतो. एका एकराची एक पाळी वाढेल. पण वीस जणांनी केले तर वीस पाळ्या वाढतील, आणि कोणाचे पाणी कोणाकडे गेले हे भांडण उरणार नाही. खडी आणि वाळू आपण एकत्र आणू, म्हणजे वाहतूक स्वस्तात पडेल. खड्डा झाला की समितीचा माणूस बघून जाईल, त्याशिवाय पाणी सोडू नका. थेट विहिरीत पाणी सोडाल तर गाळाने झरे जातील. ऑक्टोबरमध्ये आपण टेप घेऊन या वीस विहिरी मोजू, खालच्या ओढ्यावरच्या खड्डा नसलेल्या पाच विहिरीही मोजू, आणि दोन्ही आकडे इथेच, या सभेत वाचू. त्या दिवशी बोअरचे आणि उसाचे काय करायचे, तेही ठरवू."

शेवटची मोजणी टाळू नये. प्रत्येक विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करावी आणि पंप किमान रात्रभर बंद ठेवून सकाळी त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गावानेही किमान मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून वहीत लिहावे, आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊसही लिहावा. पाऊस जास्त झाल्याने पाणी वाढले की खड्ड्यांमुळे, हे खड्डा नसलेल्या विहिरींशी तुलना केल्यावरच कळते.