पालक फोन कधी उघडतात?

दहावीचा निकाल लागला की गावोगावचे क्लासचालक त्याच रात्री कामाला लागतात. यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो आणि नव्या बॅचच्या वेळा घालून पोस्टर तयार होतं. दिवसभराचे वर्ग आटोपून, जेवण करून ते इन्स्टाग्रामवर चढायला रात्रीचे साडेअकरा होतात. सकाळपर्यंत लाइक भरपूर जमलेले असतात, पण चौकशीचा फोन एखादाच येतो. लाइक करणाऱ्यांची नावं वाचली तर त्यातले बहुतेक आजी-माजी विद्यार्थी निघतात. फी भरणारा आणि प्रवेशाचा निर्णय घेणारा पालक त्या वेळी झोपलेला असतो.

पोस्ट टाकण्याची वेळ अंदाजाने न ठरवता आकडे पाहून ठरवता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल प्रकारात बदललं आणि फॉलोअर शंभरच्या पुढे गेले, की Insights मध्ये फॉलोअरांचं वय, त्यांची गावं आणि Most active times हा आलेख दिसतो. आठवड्याच्या कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी किती फॉलोअर अ‍ॅपवर असतात, हे त्यातून कळतं. बहुतेक जण त्यातला सर्वांत उंच खांब पाहतात, ती वेळ पक्की करतात आणि तिथेच थांबतात. खरं तर खांबाइतकंच वयाचं कोष्टकही पाहायला हवं.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीत आठवी ते दहावीचा गणित-विज्ञानाचा एक क्लास आहे आणि त्याचे 600 फॉलोअर आहेत. आलेखात रात्री नऊचा खांब सर्वांत उंच आहे, संध्याकाळी सहाचा त्याहून थोडाच बुटका आहे आणि रविवार इतर दिवसांपेक्षा किंचित वर आहे. वयाचं कोष्टक उघडलं तर 13 ते 17 वयाचे 40 टक्के आणि 18 ते 24 चे 33 टक्के निघतात. पालकांचं वय म्हणजे 35 ते 54 धरलं, तर त्या गटात जेमतेम 17 टक्के, म्हणजे शंभरेक माणसं आहेत. मग नऊचा तो उंच खांब कोणाचा? बराचसा शाळकरी मुलांचा आणि आता कॉलेजात शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचा. वयोगटाप्रमाणे वेगळे खांब हा आलेख दाखवत नाही. त्यामुळे पालकांची वेळ त्यातून थेट वाचता येत नाही.

ती शोधायची जागा क्लासकडे आधीच असते, ती म्हणजे पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ग्रुपवर आपण पाठवलेला संदेश दाबून धरला आणि Info उघडलं, की तो कोणी वाचला आणि किती वाजता, याची यादी येते. निळ्या खुणा बंद करून ठेवण्याची सोय वैयक्तिक संभाषणापुरती असते. ग्रुपमध्ये ती लागू होत नाही, म्हणून ही यादी बऱ्यापैकी भरवशाची असते. मात्र संदेश रात्री आठला पाठवला तर तो आठनंतरच वाचला जाणार. त्यासाठी एक सूचना सकाळी सातला, एक दुपारी बाराला आणि एक संध्याकाळी सहाला अशी वेगवेगळ्या दिवशी पाठवावी आणि तिन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात.

आपल्या सांगलीच्या क्लासच्या ग्रुपमध्ये 40 पालक आहेत असं धरू. सकाळी सातची सूचना साडेनऊपर्यंत फारशी कोणी उघडत नाही, कारण घरात डबे आणि शाळेची घाई चालू असते. दुपारी एक ते दोनमध्ये एक गठ्ठा दिसतो, तो जेवणाच्या सुट्टीतल्या नोकरदारांचा. रात्री पावणेनऊ ते पावणेदहामध्ये दुसरा, मोठा गठ्ठा दिसतो. हाती दोन वेळा लागल्या. हे आत्ताचे पालक आहेत, उद्या येणारे नव्हेत, हे खरं. पण त्याच गावात त्याच वयाची मुलं वाढवणाऱ्या घरांचा दिवस फारसा वेगळा नसतो.

आता पडताळणी. मंगळवार आणि गुरुवार हे दोन वार धरायचे. पहिल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी एक आणि गुरुवारी रात्री पावणेनऊ, दुसऱ्या आठवड्यात उलट, असं सहा आठवडे चालवायचं. पोस्ट सारख्या जातीच्या हव्यात. एकदा निकालाचे फोटो आणि एकदा नुसतं वेळापत्रक टाकलं, तर फरक वेळेचा की मजकुराचा, हे कळणार नाही. पोस्टनंतरच्या 48 तासांत आलेल्या चौकशा वहीत लिहायच्या आणि प्रत्येकाला विचारायचं, “क्लासबद्दल कुठे पाहिलंत?” सहा आठवड्यांत दुपारच्या वाट्याला पाच आणि रात्रीच्या वाट्याला सात चौकशा आल्या, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एवढा फरक योगायोगानेही पडतो. तीन विरुद्ध बारा असा आकडा आला, तर रात्रीच्या बाजूने बोलता येईल. मधेच गणपती आले किंवा घटक चाचण्या लागल्या, तर तो आठवडा हिशेबातून वगळावा.

या हिशेबात एक गोष्ट हमखास राहून जाते. फोन घ्यायला कोण मोकळं आहे? संध्याकाळी सहाचा खांब कितीही उंच असला, तरी त्या वेळी सर फळ्यापाशी असतात. पोस्ट पाहून लगेच फोन करणाऱ्या आईला उत्तर मिळालं नाही, तर ती पुढच्या क्लासला फोन लावते. शेवटची बॅच साडेआठला सुटत असेल, तर पावणेनऊची वेळ दोन्ही बाजूंना सोयीची पडते.

मुलांसाठीच्या पोस्टचा, म्हणजे सराव प्रश्न, सूत्रं, परीक्षेच्या सूचना यांचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे इन्स्टाग्रामचा आलेख खरोखर उपयोगी पडतो, पण रात्री दहाच्या आधी. इन्स्टाग्रामने 18 वर्षांखालच्यांसाठी आणलेल्या टीन अकाउंटमध्ये रात्री दहा ते सकाळी सात स्लीप मोड चालू असतो आणि त्या वेळात नोटिफिकेशन वाजत नाहीत.

वेळेचं वजन सगळीकडे सारखं नसतं. स्टोरी 24 तासांत नाहीशी होते, म्हणून तिथे वेळ चुकली की नुकसान मोठं होतं. फीडमधल्या पोस्ट निव्वळ टाकल्याच्या क्रमाने दिसत नाहीत आणि रील तर कित्येक दिवस फिरत राहते, त्यामुळे तास-अर्ध्या तासाचा फरक तिथे फारसा जाणवत नाही. यूट्यूब स्टुडिओच्या Audience विभागात प्रेक्षक कधी असतात याचा 28 दिवसांचा जांभळा आलेख मिळतो. पण व्हिडिओ टाकण्याच्या वेळेचा त्याच्या दीर्घकाळच्या वाटचालीवर थेट परिणाम होत असल्याचं दिसलेलं नाही, असं यूट्यूबच सांगतं. समीकरणं समजावणारा वीस मिनिटांचा व्हिडिओ सवडीने टाकला तरी चालतो. लाइव्ह शंकानिरसनाची वेळ मात्र त्या आलेखावरून ठरवावी.

आलेख जुना होतो, तोही लवकर. मे महिन्यात मुलं दुपारी बारालाही फोनवर सापडतात. जूनमध्ये शाळा उघडली की तो खांब खाली बसतो. म्हणून मेमध्ये ठरवलेली वेळ शाळा सुरू झाल्यावर महिन्याभराने पुन्हा तपासावी लागते. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा आणि दहावीच्या परीक्षेआधी, जानेवारीत, आणखी एकदा.