एका जंतूचे वीस लाख कसे होतात?

जालन्याच्या उन्हाळ्यात सकाळचे दूध दुपारी का नासते, याचा हिशेब आपण मांडून पाहू.

जंतू म्हणजे एकच पेशी. ती दुभंगते आणि एकाचे दोन होतात. यास लागणारा वेळ म्हणजे पिढीकाळ. ई. कोलाय या जंतूस भरपूर खाद्य व 37 अंश उष्णता मिळाली, तर हा काळ सुमारे 20 मिनिटे असतो. म्हणजे तासाला तीन पिढ्या: 2, 4, 8. दुसऱ्या तासाअखेर 64, तिसऱ्या तासाअखेर 512. सात तासांत 21 पिढ्या होतात आणि आकडा 20,97,152 वर जातो.

थंडाव्याने पिढीकाळ एक तास झाला, तर सात तासांत सातच पिढ्या. जंतू फक्त 128.

आता कॅनच्या तळाशी कालचे हजार जंतू राहिले असे धरू. एकाचे 1,024 होण्यास दहा पिढ्या, म्हणजे 3 तास 20 मिनिटे लागतात. कॅन नीट धुतला नाही, तर दूध भरण्याआधीच आपण एवढा वेळ गमावला.

प्रत्यक्षात सुरुवातीला जंतू काही वेळ वाढत नाहीत, आणि खाद्य संपले किंवा आंबटपणा वाढला की वाढ थांबते. पण तोवर दूध नासलेले असते.