स्वागताची तीन मिनिटं
लेखमाला : चार शब्द बोलताना

मागच्या आठवड्यात आपण पालकसभेचं प्रास्ताविक पाहिलं. या आठवड्यातलं भाषण त्याहून छोटं आहे. शाळेत आंतरवासितेसाठी बी.एड.चे नवे छात्राध्यापक येतात, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी करायचं स्वागताचं भाषण.

पूर्वी हे छात्राध्यापक ठरलेले सराव पाठ घेत आणि निघून जात, त्यामुळे त्यांचं स्वागत पाहुण्यासारखं झालं तरी चालून जाई. २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला काळ २० आठवड्यांचा झाला. त्यातले ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा छात्राध्यापक जवळजवळ एक सत्रभर शाळेत असतो. तरीही भाषण मात्र जुनंच राहिलंय. संस्थेचा इतिहास, गुरूचा महिमा, गुलाबपुष्प, चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुलाबपुष्प घेतलेली एखादी छात्राध्यापिका शिक्षककक्षाच्या दारात उभी असते, कारण बसायचं कुठे आणि विचारायचं कुणाला, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

या भाषणाचं काम एकच आहे : उद्या सकाळी लागणारी माहिती द्यायची आणि ती सगळ्यांच्या देखत द्यायची. आपण चिंचणीतली एक माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर धरू. छात्राध्यापकांपैकी काही बोईसर-पालघरकडचे, एकदोन विरारहून लोकलने येणारे. मुख्याध्यापिका असं बोलू शकतील :

“नमस्कार. आजपासून तुम्ही आमच्या शिक्षकवर्गात आहात. मुलांसमोर तुमची ओळख मी सर आणि बाई म्हणूनच करून देणार आहे.

प्रत्येकाला एक मार्गदर्शक शिक्षक दिले आहेत; यादी फळ्यावर आहे. सभा संपली की त्यांच्याजवळ जाऊन बसा. पहिला आठवडा फक्त वर्ग पाहा. पाठाचं टाचण पाठाच्या आदल्या दिवशी मार्गदर्शकांना दाखवा.

शाळा सकाळी भरते. लोकल चुकली, बोईसरला रिक्षा मिळाली नाही, असं होतं. अशा वेळी लगेच मला फोन करा. वर्गाची सोय आम्ही करू, पण न कळवता वर्ग रिकामा राहता कामा नये.

आमच्या एकाच वर्गात घरी वाडवळी, मांगेली, वारली, गुजराती आणि हिंदी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. मूल गप्प असलं म्हणजे त्याला येत नाही, असं धरू नका. आधी त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्या.

मुलांवर हात उचलायचा नाही आणि त्यांना लागेल असं बोलायचं नाही. मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढायचे नाहीत. एखाद्या मुलाने काही गंभीर सांगितलं, तर उलटतपासणी करू नका. त्याच दिवशी मला सांगा, पुढची पावलं आपण मिळून टाकू.

भूकंपाचा धक्का जाणवला, तर आधी मुलांना बाकाखाली बसवा, हादरा थांबला की मैदानात न्या आणि हजेरी घ्या. वाट आज मधल्या सुट्टीत चालून पाहा.

आणि माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. ही मंडळी शिकायला आली आहेत. रिकामा तास भरायला किंवा रजिस्टर उतरवायला त्यांना माझ्याशी बोलल्याशिवाय पाठवू नका. छात्राध्यापकांनो, तुमचं मनापासून स्वागत.”

सावकाश बोललं तरी हे सुमारे दोन मिनिटांत संपतं. तिसरं मिनिट छात्राध्यापकांनी आपापलं नाव सांगण्यासाठी.

आता यातली वाक्यं नेमकी काय करतात ते पाहू. मुलांसमोर ‘हे शिकाऊ शिक्षक आहेत’ अशी ओळख करून दिली, की त्यांचा तास म्हणजे गंमत, हे मुलं लगेच हेरतात. मग वर्ग आवरण्यातच महिना जातो. म्हणून नव्या शिक्षकांची ओळख परिपाठात करून द्यायची आणि ती इतर शिक्षकांसारखीच.

बोलीभाषांचा मुद्दा चिंचणीत टाळता येत नाही. गाव किनाऱ्यावरचं, पाठीमागे वाड्या आणि पाडे, शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तिथे परप्रांतातून आलेली कुटुंबं. पुस्तकातलं मराठी यातल्या बऱ्याच मुलांसाठी शाळेतच सुरू होतं. याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. हा इतिहास सांगायचा असेल, तर गौरव म्हणून नको. ‘मूल आपल्यापर्यंत पोहोचत नसेल, तर आपण एक पाऊल पुढे जायचं’ हे पटवण्यापुरता दोन वाक्यांत सांगावा.

‘हात उचलायचा नाही’ हे काही सौजन्याचं वाक्य नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. नव्या शिक्षकाचा तोल बहुतेकदा वर्ग हाताबाहेर गेल्यावर जातो, म्हणून हे आधीच सांगायला हवं. ‘गंभीर’ गोष्टीबद्दलचं वाक्य २०१२च्या पॉक्सो कायद्यामुळे आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं, त्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे छात्राध्यापक मोकळा झाला, असं होत नाही. म्हणून भाषणात ‘मला सांगा’ एवढ्यावर थांबायचं नाही, ‘मिळून’ हेही म्हणायचं.

भूकंपाचं वाक्य पुण्यातल्या शाळेत कदाचित लागणार नाही. इथे लागतं. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. इथल्या मुलांना काय करायचं ते ठाऊक असतं. बाहेरून आलेला शिक्षक मात्र दाराकडे धावतो आणि त्याच्या मागे अख्खा वर्ग.

सगळ्यात मोलाचा भाग मात्र शेवटची विनंती. ती छात्राध्यापकांसाठी बोललेली असली तरी बोललेली आहे जुन्या शिक्षकांशी. छात्राध्यापकांची खरी अडचण जुन्या शिक्षकांच्या उर्मटपणाची क्वचित असते. ते शाळेत फुकटचे हात म्हणून वापरले जातात, ही असते. एक शिक्षक रजेवर, त्याचा तास यांच्याकडे. चाचणीचे गुण चढवायचे, तेही यांच्याकडे. निरीक्षणाची वही कोरी राहते आणि आठवडे संपतात. छात्राध्यापकाला स्वतः ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण त्याचा अहवाल याच शाळेतून जायचा असतो. मुख्याध्यापिकेने सर्वांसमोर नियम सांगितला, की त्याला फक्त ‘बाईंना विचारून येतो’ एवढं म्हणावं लागतं.

भाषण जमलं की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. दुसऱ्या दिवशी एका छात्राध्यापकाला तीन गोष्टी विचाराव्यात : तुमचे मार्गदर्शक कोण, उशीर होणार असेल तर कुणाला कळवायचं आणि मैदानात जायची वाट कोणती. तिन्ही उत्तरं न अडखळता आली, तर भाषण चांगलं झालं. एखादं अडलं, तर ती माहिती लेखी चिठ्ठीत द्यावी. खरं तर पहिल्या दिवशीच अशी चिठ्ठी हातात ठेवणं उत्तम, कारण नव्या जागी ऐकलेलं निम्मंच लक्षात राहतं.

येत्या सत्रात तुमच्या शाळेत छात्राध्यापक येणार असतील, तर वरच्या मजकुरातली गावं, बोली आणि धोके तुमच्याकडचे घाला, बाकीचं तसंच ठेवा. पुढच्या आठवड्यात याच मंडळींचा निरोप समारंभ.