एक बातमी, दोन आकृत्या

आमच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा अकरावीत आहे. परीक्षेच्या आधी तो अर्थशास्त्राच्या स्लाइड्स घेऊन आला. "काकू, रेघा दोनच आहेत, पण कुठली कधी सरकवायची तेच कळत नाही." मी इकडे दुबईला येण्याआधी शिकवत असे, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा होता. स्लाइडवर बाण असतात, बाण का काढला ते नसतं.

म्हटलं, कांदा घेऊ. ८ डिसेंबर २०२३ ला भारताने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती त्यालाही आठवत होती. त्या दिवसांत आई कोशिंबिरीत कांद्याऐवजी कोबी घालायची म्हणे.

आधी आपल्या दुकानाची आकृती काढली. उभ्या रेघेवर भाव, आडव्या रेघेवर पोती. आकडे सोयीचे धरले. बंदीआधी किलोला ३ दिरहम भाव होता आणि त्या भावात १०० पोती येत, १०० खपत. बंदी आल्यावर ३ दिरहमला ४०च पोती मिळू लागली. म्हणजे जुन्याच भावाला माल कमी, म्हणून पुरवठ्याची अख्खी रेघ डावीकडे सरकली. १०० पोती हवीत आणि ४० आहेत, तेव्हा भाव चढू लागला. चढत्या भावाने तुर्कस्तान, इराण, चीनचा कांदा आणणं दुकानदाराला परवडू लागलं, आणि इकडे आपण हात आखडले. ६ दिरहमला ७० पोती आली आणि ७०च खपली. तिथे भाव थांबला.

इथेच त्याने मागणीचीही रेघ डावीकडे ओढली. "लोकांनी कमी घेतला ना!" दहातले आठजण हीच चूक करतात. मी विचारलं, "उद्या पुन्हा ३ दिरहमला कांदा मिळाला, तर आई किती घेईल?" "पहिल्याइतकाच." मग रेघ जागेवरच आहे, आई फक्त त्याच रेघेवरून वर गेली. जुन्याच भावाला माणूस वेगळं वागला, तरच रेघ सरकते. ताळाही लगेच मिळतो. मागणी खरोखर सरकून ३ दिरहमला आपल्याला ४०च पोती हवी असती, तर भाव ३ वरच राहिला असता. दुकानातली पाटी तसं म्हणत नव्हती.

(पुरवठा घटला की रेघ डावीकडे जाते, पण तिरकी असल्यामुळे डोळ्यांना ती वर गेल्यासारखी दिसते. मुलं मग "वर म्हणजे वाढला" असं लिहून मोकळी होतात. आडवंच बघायचं.)

आता दुसरी आकृती. माझं सासर निफाड तालुक्यातलं. त्याच आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला होता. लासलगावला लिलाव बंद पडले होते, शेतकरी रस्त्यावर होते आणि भाव कोसळला होता. मुलगा चक्रावला. बंदी एकच, मग इथे भाव वर आणि तिथे खाली कसा?

तिथे पुरवठा सरकलाच नव्हता. शेतात होता तेवढाच कांदा होता. गेला होता तो निर्यातीचा माल उचलणारा व्यापारी. जुन्या भावाला घेणारे कमी झाले, म्हणजे मागणीची रेघ डावीकडे सरकली.

पण खरी गंमत, म्हणजे खरं दुखणं, पुरवठ्याच्या रेघेच्या आकारात आहे. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने ठेवता येतो, लाल कांदा काढला की विकावाच लागतो. भाव काहीही असो, माल तेवढाच. म्हणून ती रेघ स्लाइडवरच्यासारखी तिरकी नसते, जवळजवळ उभी असते. उभ्या रेघेवर मागणी डावीकडे सरकली, की पोती फारशी कमी होत नाहीत, सगळा मार भावावर बसतो. इथे आम्ही ३० पोती कमी घेऊन थोडी झळ टाळली, सासऱ्यांना तशी सोय नव्हती. त्या फोनवर ते म्हणाले होते, "ट्रॅक्टर भरलेला आहे, आता परत कुठं नेऊ?"

मग मी त्याला शेवटचं गणित दिलं. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. लासलगावची आकृती काढ.

त्याने मागणी उजवीकडे सरकवली, पण जुन्या जागेच्या अलीकडेच थांबवली, कारण शुल्क भरून परदेशी गिऱ्हाइकाला कांदा महागच पडणार. बरोबर होतं. मग पुरवठ्याची उभी रेघ काढायला पेन्सिल टेकवली आणि थांबला. "काकू, मे म्हणजे उन्हाळ कांदा ना?"

त्याने रेघ तिरकी काढली.