खेळून झालं? बदलून न्या!

१९३५ साली, महामंदीच्या दिवसांत, लॉस एंजेलिसमधल्या एका स्वस्त दुकानातून मुलं बारीकसारीक वस्तू चोरताना आढळली. चौकशी केल्यावर कळलं, की खेळणी विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ती घरीच खेळणी बनवण्यासाठी सामान उचलत होती. त्यातून एका गॅरेजमध्ये खेळणी उसनी देण्याचं केंद्र सुरू झालं. त्या परगण्याची ही योजना आजही चालू आहे. १९६३ मध्ये स्टॉकहोममध्ये अशीच सोय अपंग मुलांसाठी झाली. दोन्हीकडे कारण एकच होतं : मुलांना हवी ती खेळणी मिळत नव्हती.

आज शहरातल्या खेळणी-ग्रंथालयात येणाऱ्या अनेक पालकांची अडचण नेमकी उलटी असते. घरात खेळणी मावत नाहीत. वाढदिवसाला आणलेल्या गाडीकडे मूल पंधरा दिवसांत ढुंकूनही पाहत नाही. ती गाडी आधी माळ्यावर जाते आणि शेवटी कचऱ्यात. अशा ग्रंथालयाच्या पाटीवर नावाखाली एक ओळ लिहायची असेल, तर ती या पालकांशी बोलायला हवी.

समजा, डोंबिवलीतल्या एका गृहसंकुलात असं ग्रंथालय निघतंय. पहिली सुचणारी ओळ बहुधा ‘खेळणी फेकू नका, वसुंधरा वाचवा’ अशी असेल. हेतू चांगला आहे, पण दारात पाऊल टाकण्याआधीच ती पालकाला दोषी ठरवते. शिवाय आत काय मिळतं, ते सांगत नाही. ‘आनंद प्रत्येक मुलासाठी’ ही दुसरी ओळ गोड आहे, पण नाव झाकून वाचली तर ती पाळणाघराची, बिस्किटांची किंवा बालरुग्णालयाचीही वाटेल. ज्या ओळीवर दुसरा कोणीही हक्क सांगू शकतो, ती कामाची नाही.

‘खेळणी भाड्याने मिळतील’ ही ओळ मात्र स्पष्ट आहे. तरीही ती खटकते. भाड्याने म्हटलं की मांडवाच्या खुर्च्या आणि भांडी आठवतात, आणि त्यामागोमाग शंका येते : हे आधी कोणाकोणाच्या तोंडात गेलं असेल? तान्हं बाळ असलेल्या आईसाठी ही शंका सगळ्यांत मोठी असते. मग ‘शंभर टक्के निर्जंतुक’ असं लिहून टाकावंसं वाटतं. ते टाळलेलंच बरं. प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याने धुता येतात, लाकडी खेळणी पुसून वाळवता येतात, पण कापडी बाहुलीच्या आतला कापूस रोज धुऊन वाळवणं कठीण असतं. जे पाळता येणार नाही, ते पाटीवर लिहू नये. स्वच्छतेची नेमकी माहिती आतल्या फलकावर द्यावी.

एका ओळीने सगळ्या शंकांना उत्तर देऊ नये. हरवलेल्या तुकड्याचं काय, अनामत किती, मूल परत द्यायला तयार झालं नाही तर काय, हे प्रश्न खरेच आहेत. पण त्यांची जागा सभासदाच्या कार्डावर आहे. प्रत्येक खेळण्याला क्रमांक, त्याच्या पिशवीवर तुकड्यांची संख्या आणि परत घेताना मोजणी, एवढं केलं तर बरेच वाद टळतात. पाटीवरच्या ओळीने फक्त व्यवहार काय आहे, तेवढं सांगावं.

तो सांगायला मराठी घरात शब्द आधीपासून आहे. वाचनालयात आपण पुस्तक ‘बदलायला’ जातो. ‘बदलून आण’ म्हटलं की जुनं परत देणं आणि दुसरं घेणं, दोन्ही त्यात आलं. म्हणून ‘खेळून झालं? बदलून न्या!’ ही ओळ बरीच पुढे जाते. पहिला भाग पालकाच्या घरातला प्रसंग उचलतो आणि दुसरा त्यावरचा उपाय सांगतो. उपदेश नाही, भाड्याचा वासही नाही. ‘नवं न्या’ म्हणावंसं वाटेल, पण खेळणी वापरलेली असतात. तो शब्द पहिल्याच भेटीत खोटा पडेल. ‘मोफत’चंही तसंच, अनामत घेत असाल तर तो नको. आणि हे विनिमयाचं दुकान नाही, हेही स्पष्ट हवं : घरची जुनी गाडी देऊन दुसरी मिळते असा समज झाला, तर ओळीवर ‘खेळणी-ग्रंथालय’ हे नाव ठळक हवं.

एस.टी.चं ‘गाव तिथे एसटी’ हे घोषवाक्य इतकी वर्षं लक्षात राहिलं, कारण सेवा कुठे पोहोचते ते त्यात तीन शब्दांत येतं. डोंबिवलीच्या पाटीचीही साधी परीक्षा घेता येईल. ओळ फोनवरून एखाद्या आजीला वाचून दाखवायची आणि ‘तिथे काय होत असेल?’ असं विचारायचं. ‘खेळणी नेऊन परत द्यायची असतील’ असं उत्तर आलं, तर ओळ रंगवायला द्यावी. ‘दुरुस्ती होत असेल’ किंवा ‘जुनी खेळणी विकत घेत असतील’ असं उत्तर आलं, तर पुन्हा कागद घेऊन बसावं.